भागीदाराच्या वाढदिवसाचा संदेश: सोबत पत्करलेली जोखीम आणि टिकवलेला विश्वास यांबद्दल आभार कसे मानावेत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भागीदाराला वेगळा संदेश कशाला? मित्राला पाठवतो तोच चालणार नाही का?

चालेल, पण त्यात आभार येणार नाहीत. मित्राच्या वाढदिवसाला आपण मैत्रीबद्दल लिहितो. भागीदाराशी मैत्री असेल किंवा नसेल, पण त्याच्याशी एक नातं असतं जे मित्राशी नसतं: तुमच्या चुकीची किंमत त्याने मोजलेली असते आणि त्याच्या चुकीची तुम्ही. नोंदणीकृत मर्यादित कंपनी नसलेल्या साध्या भागीदारीत तर एकाने फर्मच्या नावावर केलेलं कर्ज दुसऱ्याच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत पोहोचू शकतं. हे दोघांनाही माहीत असतं, पण रोजच्या कामात कोणी त्यावर बोलत नाही. वाढदिवस हा ते बोलण्याचा वर्षातला एक सोयीचा दिवस आहे, कारण त्या दिवशी आभार मानले तर ‘आज अचानक काय झालं याला’ असं वाटत नाही.

म्हणून या पानावर शुभेच्छांचे तयार नमुने कमी आहेत. आभाराचं वाक्य कसं शोधायचं आणि कसं मांडायचं, यावर जास्त भर आहे.

संदेशात नेमकं काय काय असावं?

चार गोष्टी, याच क्रमाने. आधी शुभेच्छा, एका ओळीत. मग जोखमीचा एक प्रसंग, ज्यात काय पणाला लागलं होतं हे कळेल. मग त्या काळात भागीदाराने केलेली एक कृती, जिच्यातून विश्वास दिसला. शेवटी त्याच्यासाठी एक इच्छा, जी धंद्याबद्दल नसेल.

प्रसंग एकच घ्या. दहा वर्षांची भागीदारी असली की सगळं आठवतं आणि सगळं लिहावंसं वाटतं. पण तीन प्रसंग घातले की संदेश वार्षिक अहवालासारखा वाचला जातो आणि भागीदाराच्या मनात चौथा, राहून गेलेला प्रसंग येतो. एकच प्रसंग नीट सांगितला तर बाकीचे त्याला आपोआप आठवतात.

लांबीचं म्हणाल तर फोनवर पाठवायच्या संदेशाला ६० ते ९० शब्द पुरतात. हाताने लिहिलेल्या पत्रात १५० पर्यंत गेलात तरी जड वाटत नाही. त्यापुढे वाचणाऱ्याला ‘आता यावर तितकंच मोठं उत्तर द्यावं लागणार’ असा ताण येऊ लागतो.

जोखमीचा प्रसंग कसा निवडायचा? आमच्या धंद्यात तसं मोठं काही घडलंच नाही.

जोखीम म्हणजे दिवाळं निघण्याची वेळ, असं समजल्यामुळे हा प्रश्न पडतो. प्रत्यक्षात भागीदार बहुतेक वेळा साध्या दिसणाऱ्या गोष्टी पणाला लावतात. स्वतःला हे पाच प्रश्न विचारा, एकाचं तरी उत्तर सापडतंच.

पैसा आत टाकताना तो परत कधी येणार हे माहीत नव्हतं, असं कधी झालं? कर्जाच्या किंवा जागेच्या करारावर त्याने जामीन म्हणून सही केली होती का? धंद्यासाठी त्याने पगाराची नोकरी सोडली किंवा चांगली नोकरी नाकारली का? महिनाअखेरीला कामगारांचे पगार झाले, पण त्याने स्वतःची उचल घेतली नाही, असे महिने होते का? आणि शेवटचा, जो बहुतेकांना सुचत नाही: त्याने आपलं नाव कुठे वापरलं? म्हणजे जुन्या ओळखीच्या पुरवठादाराला ‘माझ्या शब्दावर माल द्या’ असं त्याने म्हटलं का? पैसे बुडाले तर पुन्हा मिळवता येतात, बाजारातला शब्द गेला की तो परत मिळवायला फार वेळ लागतो. म्हणून दोन प्रसंगांत अडकलात, तर नाव पणाला लावल्याचा प्रसंग निवडा. तो क्वचितच कोणी बोलून दाखवतं.

दोघांची जोखीम सारखी नव्हती. त्याने भांडवल घातलं, मी फक्त काम केलं. तरी ‘आपण मिळून जोखीम घेतली’ असं लिहू का?

लिहू नका. भांडवल घालणाऱ्याला हे वाक्य खटकतं, कारण रात्री हिशेब घालणारा तो एकटाच होता. उलट्या बाजूनेही तेच: तुम्ही पैसे घातले आणि त्याने नोकरी सोडून तीन वर्षं दिली, तर ‘मिळून’ म्हटल्याने त्याची तीन वर्षं तुमच्या रकमेच्या तराजूत पडतात. वेगळी जोखीम वेगळी म्हणूनच लिहावी: ‘पैसे तुझे होते, निर्णय बरेचसे माझे होते. तरी एकही निर्णय तू पैशाच्या जोरावर फिरवला नाहीस.’ सारखेपणाचं नाटक नको. फरक मान्य केला की आभार खरे वाटतात.

कामात भाग न घेणारा, फक्त पैसे गुंतवलेला भागीदार असेल तर त्याची जोखीम आणखी वेगळी आहे. रोजचं काही त्याच्या हातात नसतं, जे कळतं ते तुमच्याकडून कळतं. त्याला ‘तुम्ही रोज विचारणा केली नाहीत, पण मी सांगितलेलं प्रत्येक वेळी पूर्ण ऐकून घेतलंत’ असं लिहिलं तर ते त्याच्या जागेवरून बरोबर बसतं.

विश्वासाबद्दल लिहिताना ‘तू माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवलास’ हे वाक्य चांगलं आहे ना?

बऱ्याच वेळा नाही. चांगला भागीदार डोळे झाकत नाही. तो महिन्याचं ताळेबंदपत्रक बघतो, बँकेचा जुळणी तक्ता मागतो, मोठ्या खर्चाचं बिल विचारतो. त्याला हे वाक्य पाठवलंत तर दोन गोष्टी होतात: एक तर ते खोटं आहे हे त्याला माहीत असतं, आणि दुसरं, हिशेब तपासणं म्हणजे अविश्वास, असा अर्थ त्यातून निघतो. पुढच्या महिन्यात पावत्या मागताना त्याला उगाच अवघडल्यासारखं होईल.

त्याऐवजी विश्वास ज्या वागण्यातून दिसला ते वागणं लिहा. ग्राहकासमोर तुमचं म्हणणं न पटूनही त्याने तिथे खोडलं नाही, नंतर दार लावून सांगितलं. तुम्ही आजारी असताना त्याने तुमच्या विभागातले निर्णय घेतले, पण तुमची पद्धत बदलली नाही. तोट्याचा महिना त्याने आकडे बघून स्वीकारला, माणूस बघून नाही. ‘हिशेब दर महिन्याला बघितलास, पण माझ्या हेतूबद्दल एकदाही प्रश्न विचारला नाहीस’ या एका वाक्यात तपासणीही येते आणि विश्वासही.

सातत्य दाखवायचं असेल तर ‘नेहमी’ हा शब्द टाळून आवर्तन सांगा: दर शनिवारी, प्रत्येक तिमाहीला, पहिल्या बिलापासून. ‘तू नेहमीच पाठीशी उभा राहिलास’ हे वाक्य कोणालाही पाठवता येतं. ‘दर शनिवारी’ मात्र फक्त त्यालाच कळतं.

एखादं उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?

पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक कारखाना घेऊ. दोन भागीदार, समान वाटा, एकमेकांना अरे-तुरे. दोघांनी दुसरं मशिन घ्यायचं ठरवलं, कारण एका मोठ्या ग्राहकाचं काम वाढणार होतं. आगाऊ रक्कम भरली, उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढलं, कर्जाच्या कागदांवर दोघांनी वैयक्तिक जामीन म्हणून सह्या केल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या ग्राहकाने माल उचलणं थांबवलं. हप्ते सुरू झाले, काम अर्ध्यावर आलं. नवे छोटे ग्राहक मिळून गाडी रुळावर यायला सहा महिने गेले. आता पहिल्या भागीदाराला दुसऱ्याच्या वाढदिवसाला लिहायचं आहे.

पहिला मसुदा साधारण असा येतो:

‘प्रिय मित्रा, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आपल्या व्यवसायाच्या प्रवासात तू दिलेली साथ अनमोल आहे. सुखदुःखात, चढउतारात तू खंबीरपणे पाठीशी उभा राहिलास. तुझ्यासारखा भागीदार मिळणं हे माझं भाग्य आहे. तुझी सर्व स्वप्ने पूर्ण होवोत.’

चूक यात एकही नाही. अडचण एवढीच की यातलं कुठलंही वाक्य हे दोघं खोके बनवतात हे सांगत नाही, आणि त्या सहा महिन्यांचा ‘चढउतार’ झाला आहे. भागीदार हे वाचून अंगठा दाखवेल आणि विसरेल.

दुसऱ्या मसुद्यात माणूस दुसऱ्या टोकाला जातो:

‘मशिनच्या कर्जाचा हप्ता थकणार होता, कामगार निघून जाणार होते, आपलं घर जाईल अशी वेळ आली होती. तू नसतास तर मी संपलो असतो. तुझे उपकार मी या जन्मात फेडू शकणार नाही.’

हा मसुदा खरा आहे, पण वाढदिवसाच्या सकाळी वाचायला फार जड आहे. त्यात भीती पुन्हा जशीच्या तशी येते आणि दुसरा माणूस त्या दिवसांत परत ओढला जातो. शिवाय ‘उपकार’ हा शब्द दोघांना एका पातळीवर ठेवत नाही. सही दोघांची होती, त्यामुळे एक देणारा आणि एक घेणारा, असं इथे नाहीच.

मग बसून आठवायचं: त्या सहा महिन्यांत त्याने नेमकं काय केलं? एक, उचल घेतली नाही. दोन, दर शनिवारी संध्याकाळी बसून येणी-देणी लावली: कोणाकडून वसुली यायची, कोणाला थांबवता येईल, हप्त्याला किती बाजूला काढायचं. तीन, आणि हेच खरं: तो मोठा ग्राहक पहिल्या भागीदाराने आणला होता, पण दुसऱ्याने ते एकदाही काढलं नाही. हे तिसरं सापडलं की संदेश झालाच म्हणायचा.

‘वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा!

दुसऱ्या मशिनचे आगाऊ पैसे भरले आणि तिसऱ्याच आठवड्यात आपला मोठा ग्राहक थांबला. तो ग्राहक मी आणला होता. पुढचे सहा महिने तू उचल घेतली नाहीस, दर शनिवारी माझ्याशेजारी बसून येणी-देणी लावलीस, पण “हा ग्राहक तूच आणलास ना” असं एकदाही म्हणाला नाहीस. कर्जावर सही दोघांची होती, पण त्या दिवसांत मी एकटा आहे असं मला कधी वाटलं नाही.

हे मी तेव्हा बोललो नाही, म्हणून आज लिहितोय. हे वर्ष तुला तब्येतीचं आणि निवांत जावो.’

सत्तर-पंचाहत्तर शब्द. ‘विश्वास’ हा शब्द यात आलेला नाही आणि ‘आभार’ही नाही. ते मुद्दाम टाळायचे असतात असं नाही, पण प्रसंग बरोबर निवडला की त्यांची गरज उरत नाही. कोणाला हवाच असेल तर शेवटच्या परिच्छेदात ‘त्याबद्दल आभार’ एवढं जोडावं. ‘मनःपूर्वक’, ‘शतशः’ वगैरे लावू नये, कारण त्यामुळे वरची साधी वाक्यं फिकी पडतात.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत गोंधळ होतो. काय वापरावं?

हा गोंधळ भागीदाराच्या संदेशात महागात पडतो. ‘आम्ही हा धंदा शून्यातून उभा केला’ असं त्याला लिहिलंत तर तो त्यातून बाहेर पडला. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो. घरचे आणि तुम्ही, किंवा तुम्ही आणि कर्मचारी, असा अर्थ होतो. दोघांबद्दल बोलताना ‘आपण’च हवं.

पण मोठ्या वयाच्या भागीदाराला आदराने ‘आपण’ म्हणत असाल तर नवी अडचण येते. ‘आपण घेतलेली जोखीम’ म्हणजे त्यांनी घेतलेली की दोघांनी? इथे त्यांच्यासाठी ‘तुम्ही’ वापरा आणि ‘आपण’ फक्त दोघांसाठी राखून ठेवा. ‘तुम्ही सही केलीत म्हणून आपण ती जागा घेऊ शकलो’ यात शंकेला जागा राहत नाही.

तू, तुम्ही, दादा, ताई, साहेब… संबोधन कोणतं?

रोज जे तोंडात असतं तेच. रोज अरे-तुरे करणाऱ्याने वाढदिवसाला ‘आदरणीय’ लिहिलं की भागीदाराला वाटतं, दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलंय. चारचौघांत, म्हणजे कर्मचाऱ्यांसमोर ‘तुम्ही’ आणि दोघंच असताना ‘तू’ अशी सवय असेल तर ग्रुपवरच्या संदेशात ‘तुम्ही’ आणि वैयक्तिक संदेशात ‘तू’ ठेवा. एकाच संदेशात दोन्ही मिसळू नका. सुरुवात ‘तुम्हाला शुभेच्छा’ने आणि मध्येच ‘तू सही केलीस’, ही तयार मजकुरात आपली वाक्यं घुसवल्याची खूण असते.

तयार नमुना घेतलाच तर क्रियापदाचं लिंगही तपासा. ‘उभा राहिलास’ हे भागीदार बाईंना जसंच्या तसं गेलेलं दिसतं, आणि लिहिणारी बाई असेल तर ‘बोललो नाही’चं ‘बोलले नाही’ करायचं राहून जातं. वरच्या उदाहरणातही हेच बदल करावे लागतील.

ग्रुपवर टाकावा की वैयक्तिक पाठवावा?

जोखमीचा प्रसंग असलेला संदेश वैयक्तिकच. कर्ज, थकलेले हप्ते, न घेतलेली उचल, गेलेला ग्राहक या गोष्टी कर्मचाऱ्यांच्या किंवा पुरवठादारांच्या ग्रुपवर वाचल्या गेल्या की लोक आजच्या परिस्थितीबद्दल अंदाज बांधू लागतात. ‘तेव्हा पगार कसेबसे झाले’ हे वाक्य पाच वर्षांपूर्वीचं असलं तरी नव्या कामगाराला ते आजचं वाटतं. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तासांनी जातं, पण त्याआधी कोणी त्याचा फोटो काढून ठेवला तर त्यावर तुमचा काही ताबा नसतो.

ग्रुपसाठी वेगळी, दोन ओळींची शुभेच्छा लिहा. त्यात कर्मचाऱ्यांनी स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट घ्या, म्हणजे त्यांनाही त्यात आपलं काही वाटेल: ‘सकाळी पहिलं शटर उघडणारे आणि रात्री दिवे बघून जाणारे, यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा.’ आधी वैयक्तिक संदेश जाऊ द्या, ग्रुपवरचा नंतर. उलटं झालं तर वैयक्तिक संदेश भरपाई केल्यासारखा वाटतो.

रात्री बाराला पाठवावा का?

घरच्या माणसांना तो मान राहू द्या. सकाळी, तो कामाला लागण्याआधी, हीच वेळ बरी. एक गोष्ट मात्र कटाक्षाने: त्याच चॅटमध्ये त्या दिवशी लगेच कामाचं काही पाठवू नका. शुभेच्छांखाली दहा मिनिटांनी ‘तो चेक वटला का बघ ना’ आलं की वरचं सगळं प्रस्तावनेसारखं दिसतं. काम अगदी अडलं असेल तर फोन करा.

पाठवताना चूक झाली तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत संदेश दुरुस्त करता येतो. त्यानंतर खोडून पुन्हा पाठवण्यापेक्षा छोटी चूक तशीच राहू द्यावी. खोडल्याची खूण चॅटमध्ये राहते, आणि भागीदारीत ‘काय लिहिलं होतं आणि का खोडलं’ हा प्रश्न कोणाला नको असतो.

साधा एसएमएस पाठवायचा असेल तर?

देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हं बसतात, इंग्रजी लिपीत १६०. इथे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त आणि मोकळी जागा ही सगळी स्वतंत्र मोजली जातात, त्यामुळे ७० वाटतात त्यापेक्षा लवकर संपतात. त्यापुढे गेलं की मजकुराचे तुकडे होतात. बहुतेक फोन ते जोडून दाखवतात, पण मोजणी जास्त संदेशांची होते. एकात बसणारा एक नमुना:

‘वाढदिवसाच्या शुभेच्छा! कर्जाच्या कागदावरची तुझी सही मी विसरलेलो नाही.’

हा ६९ चिन्हांचा आहे. एवढ्या जागेत ‘हार्दिक’ काढून टाकलं तर सही बसते, आणि तोच सौदा बरोबर आहे.

आमच्यात सध्या वाद चालू आहे. तरी पाठवावा?

पाठवावा, पण छोटा आणि फक्त घडून गेलेल्या गोष्टीबद्दल. जे तेव्हा खरं होतं ते आजच्या वादाने खोटं होत नाही: ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा. पहिल्या वर्षी जागेच्या करारावर तू केलेल्या सहीची किंमत मला माहीत आहे.’ बस. त्यापुढे ‘पण’, ‘तरीसुद्धा’, ‘सध्या जे चाललंय ते’ असं काही आलं की तो वादातला पुढचा मुद्दा होतो. ‘आपलं नातं पूर्वीसारखं होवो’ हेही टाळा. ऐकायला ते मऊ वाटतं, पण समोरच्याला तो दबाव वाटू शकतो.

वाद वकिलांपर्यंत गेला असेल तर लेखी काही पाठवण्याआधी तुमच्या वकिलांना विचारा. भागीदारांमधले फोनवरचे संदेशही नंतर कागदपत्रांसारखे समोर ठेवले जाऊ शकतात.

म्हणजे वाढदिवसाच्या संदेशातही जपून लिहायचं?

दोन बाबतींत, हो. पहिली, वाटा आणि पैसा. ‘हा धंदा खरं तर तुझाच आहे’, ‘यंदा तुझा हिस्सा वाढवायचाय’, ‘तुझे पैसे लवकरच व्याजासकट परत करतो’ ही वाक्यं भावनेच्या भरात येतात. भागीदारीच्या करारात वाटा ठरलेला असतो, आणि तो बदलायचा असेल तर तो करारातच बदलायचा असतो. संदेशातल्या अशा वाक्याने कायदेशीर काही बदलो न बदलो, समोरच्याच्या मनात अपेक्षा तयार होते आणि पुढच्या हिशेबाला ती वर येते.

दुसरी, दोष कोणाचा होता हे. वरच्या उदाहरणात ‘तो ग्राहक मी आणला होता’ हे चालतं, कारण ते दोघांनाही आधीपासून माहीत आहे आणि त्यातून कोणतंही देणं निघत नाही. पण ‘तो सगळा तोटा माझ्या चुकीमुळे झाला’ हे लिहू नका. ते बहुतेक वेळा पूर्ण खरंही नसतं, कारण मशिन घ्यायचं दोघांनी ठरवलं होतं.

त्याच्या घरच्यांचाही उल्लेख करावा का?

घर किंवा दागिने तारण ठेवले असतील, किंवा जोडीदारानेही कागदांवर सही केली असेल, तर जरूर करावा. ती जोखीम त्या घराने घेतली आहे आणि धंद्यातल्या आभारांत ती माणसं कुठेच येत नाहीत. एक वाक्य पुरतं: ‘वहिनींनीही सही केली होती, हे मी विसरलेलो नाही.’ मात्र घरी खरोखर किती माहीत आहे याचा अंदाज घ्या. काही भागीदार उचल घेतली नव्हती हे घरी सांगत नाहीत, आणि वाढदिवसाला फोन घरात हातोहात फिरत असतो. शंका असेल तर आकडे आणि महिने गाळून फक्त वागण्याबद्दल लिहा.

धंदा तोट्यात आहे किंवा बंद करावा लागला. आता कशाचे आभार मानायचे?

आभार जोखीम घेतल्याचे आहेत, ती फळली याचे नाहीत. त्यामुळे इथे संदेश खरं तर सोपा असतो, फक्त ‘अपयशातून शिकलो’ असा सूर नको. बंद करताना भागीदाराने काय केलं ते लिहा: कामगारांची देणी आधी दिली, पुरवठादारांना स्वतः फोन केले, उरलेला माल विकताना घाई करून भाव पाडला नाही. ‘बंद करायची वेळ आली तेव्हा देणेकऱ्यांची यादी तू पुढे ठेवलीस आणि पहिला फोन तूच लावलास. धंदा राहिला नाही, पण आज कोणासमोर मान खाली घालावी लागत नाही, ती तुझ्यामुळे.’

दोनपेक्षा जास्त भागीदार असतील तर?

प्रत्येकाला वेगळा प्रसंग, पण लांबी साधारण सारखी. संदेश एकमेकांना दाखवले जातात असं धरूनच लिहा. एकाला ‘तुझ्याशिवाय हे शक्य नव्हतं’ लिहिलं असेल आणि तेच तीन महिन्यांनी दुसऱ्याला गेलं, तर दोन्ही वाया. कोणाला काय लिहिलं ते जपून ठेवलं की पुढच्या वर्षी तोच प्रसंग पुन्हा येत नाही. सख्खे भाऊ भागीदार असतील तर लहानपणीच्या आठवणी नेहमीच्या शुभेच्छांत घाला आणि हा संदेश धंद्यापुरता ठेवा, नाहीतर भावाचे आभार मानायला दोघांनाही संकोच होतो.

वाढदिवस विसरलो. दुसऱ्या दिवशी पाठवला तर चालेल?

चालेल. उशीर एका वाक्यात मान्य करा, कारणं देऊ नका, आणि मग तोच संदेश पाठवा. प्रसंग नेमका असेल तर एका दिवसाच्या उशिराने त्याचं काही बिघडत नाही. आठवडा उलटला असेल तर मात्र लेखी संदेश सोडून द्या आणि समोरासमोर सांगा.

संदेश पाठवला, पण उत्तरात फक्त हात जोडलेलं चिन्ह आलं. त्याला आवडला नाही का?

एवढ्यावरून काही ठरवू नका. नेमका प्रसंग वाचल्यावर बऱ्याच माणसांना लगेच लिहिता येत नाही, आणि भागीदार रोज भेटतोच. दोन-चार दिवसांत बोलताना तो त्याच प्रसंगाचा एखादा तपशील सहज काढतो, ‘त्या शनिवारी तू म्हणाला होतास ते…’ अशा तऱ्हेने. तसं झालं तर विषय पुढे न्या. नाही झालं तर ‘माझा मेसेज वाचलास ना?’ असं विचारू नका.